खाजन शेतीची वही अरबीत नेताना: मराठी-इंग्रजी मिश्र नोटचे भाषांतर, पायरीपायरीने

गोव्यात मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत गेलेल्या मुलांच्या वह्या एका भाषेत नसतात. वाक्याचा सांगाडा मराठी, नामे इंग्रजी, क्रियापदे 'ड्रेन होणे', 'क्लोज करणे' अशी जोडलेली, आणि मधूनच गावातला एखादा कोकणी शब्द. घरातले कोणी आखातात नोकरीला गेले, मुलाची शाळा तिकडे सुरू झाली आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांना 'आमच्या गावची शेती' दाखवायची वेळ आली की अशाच वहीच्या पानाचा फोटो भाषांतराला येतो. नव्या भाषांतरकाराचा पहिला विचार असतो की इंग्रजी तुकडे इंग्रजीतून आणि मराठी तुकडे मराठीतून अरबीत न्यावेत, मग सगळे जोडावे. तसे केले की हातात गोधडी येते. एकाच वस्तूला तीन अरबी नावे पडतात आणि वाक्यांचा कर्ता हरवतो.

खाली एकच पान घेतले आहे, खाजन शेतीवरचे, म्हणजे नदीमुखाजवळच्या सखल जमिनीत बांध घालून केलेल्या भातशेतीवरचे. विषय गोव्याचा, शब्द तिन्ही भाषांचे आणि अरबीत घसरायच्या जागा भरपूर. फोटोत दिसणारा मजकूर असा:

```
Khazan lands - मांडवी, झुआरी estuary जवळ, low-lying
बांध = mud + clay + पेंढा, आत शेती
मानस = sluice gate. H.T. → gate auto close
L.T. → आतलं पाणी drain होतं
∴ salt water आत नाही, paddy safe
bund तुटला तर 3-4 yrs शेती नाही. salinity!!
```

फोटोवरून उतरवून घेणे

भाषांतराला हात लावण्याआधी पान जसेच्या तसे टंकून घ्यायचे. ओळ तिथे ओळ, संक्षेप तिथे संक्षेप, चूक असली तरी चूक. या पायरीवर काहीही सुधारायचे नाही. जो शब्द लागत नाही तिथे [?] लिहायचे आणि जवळचे दोन पर्याय शेजारी ठेवायचे. अंदाजाने भरलेला शब्द पुढच्या पायरीत अंदाज म्हणून ओळखू येत नाही.

फोटो परत मागवायची लाज बाळगू नये. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, वही सपाट ठेवून, बरोबर वरून काढलेला फोटो हवा. फ्लॅश नको, कारण बॉलपेनची शाई चमकते आणि रेघ मधेच पांढरी होऊन तुटल्यासारखी दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवायला सांगावे. मुलाचे नाव आणि हजेरी क्रमांक दिसत असतील तर तेवढा भाग कापून टाकावा, भाषांतराला त्यांची गरज नसते.

देवनागरीत मुले घाईत शिरोरेघ सोडतात. मग 'ख' आणि 'रव' एकच होतात, 'भरती' ही 'मरती' वाचली जाते, 'बांध' चा 'बांघ' होतो. हे निदान अर्थावरून पकडता येते, कारण चुकीचे वाचन निरर्थक ठरते. खरा धोका अशा शब्दांचा, ज्यांची दोन्ही वाचने अर्थपूर्ण असतात. या पानावर तसे दोन आहेत. `salt` मधला a वरून उघडा राहिला तर तो शब्द `silt` वाटू शकतो, आणि खाजनात मीठही येते व गाळही येतो. दुसरा शब्द `clay`. घाईतल्या अक्षरात c आणि l चिकटले की तो `day` होतो. अशा वेळी त्याच पानावर तेच अक्षर दुसरीकडे कसे काढले आहे ते पाहायचे. इथे शेवटच्या ओळीत `salinity` आहे. त्यातला a पाचव्या ओळीतल्या अक्षराशी ताडून पाहिला की शब्द `salt` आहे हे ठरते. 'पाण्याबरोबर मीठच येणार' असा तर्क करून ठरवू नये. तर्क दुसऱ्या बाजूनेही तितकाच चालतो.

अंकांकडेही एक नजर टाकावी. घाईतला मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि एकाच पानावर मुले दोन्ही लिपींतले अंक वापरतात.

मधले शुद्ध मराठी पान

आता अरबीकडे न जाता सगळा मजकूर एकाच भाषेत, पूर्ण वाक्यांत लिहायचा. नवख्यांना ही पायरी वेळखाऊ वाटते आणि ते ती गाळतात. पण नोट म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेल्या खुणा. त्यात कर्ता नसतो, क्रियापद अर्धे असते, 'का' आणि 'मग' यांच्या जागी चिन्हे असतात. अरबी वाक्याला यातले काहीच गाळता येत नाही. क्रियापद पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे ठरवायला कर्ता लागतो. म्हणून रिकाम्या जागा आपल्या भाषेत आधी भरून घ्यायच्या, जिथे चूक लगेच कानाला खटकते.

या पानाचे मधले रूप असे होते: खाजन जमिनी मांडवी आणि झुआरी या नद्यांच्या मुखांजवळ असतात व त्या सखल असतात. त्यांच्याभोवती चिखल, चिकणमाती आणि पेंढा यांचा बांध असतो, आणि बांधाच्या आत शेती करतात. बांधात मानस असते, म्हणजे पाणी सोडण्याचे दार. भरतीच्या वेळी हे दार आपोआप बंद होते. ओहोटीच्या वेळी आतले पाणी त्यातून बाहेर जाते. त्यामुळे खारे पाणी आत येत नाही आणि भाताचे पीक वाचते. बांध तुटला तर क्षारतेमुळे तीन ते चार वर्षे शेती होत नाही.

हे लिहिताना तीन गोष्टी ठरवाव्या लागल्या. `H.T.` म्हणजे हाय टाइड, `L.T.` म्हणजे लो टाइड. हे संक्षेप मुलाचे स्वतःचे आहेत. विजेच्या धड्यात तेच हाय टेन्शन आणि लो टेन्शन असते, तेव्हा धडा पाहून सोडवायचे. दुसरे, 'मानस', 'स्लूस गेट' आणि 'गेट' ही एकच वस्तू, तसेच 'बांध' आणि 'बंड' हीही एकच. तिसरे, `∴` या चिन्हाचे 'त्यामुळे' कोणाशी जोडायचे? फक्त ओहोटीच्या ओळीशी जोडले तर विधान चुकते, कारण आतले पाणी बाहेर गेल्याने खारे पाणी अडत नाही. ते भरतीला दार बंद झाल्याने अडते. मुलाने चिन्ह दोन्ही ओळींखाली काढले आहे, तेव्हा ते दोन्ही ओळींचे मिळून निष्कर्षचिन्ह आहे.

इथेच एक मर्यादाही पाळायची. 'तीन ते चार वर्षे' बरोबर आहे की नाही हे तपासून दुरुस्त करणे आपले काम नाही. शंका आली तर पाठवणाऱ्याला वेगळ्या चिठ्ठीत कळवावे. भाषांतरात आकडा वहीतलाच राहील.

शब्दांची जोडयादी

मधल्या पानावरच्या प्रत्येक वस्तूला एक आणि एकच अरबी शब्द ठरवून तो कागदावर लिहून ठेवायचा. सोप्या जोड्या पटकन होतात: भरतीला मद्द, ओहोटीला जझ्र, क्षारतेला मुलूहा, नदीच्या मुखाला मसब्ब, पेंढ्याला कश्श. चिखल आणि चिकणमाती या दोघांनाही सवयीने 'तीन' म्हटले जाते, पण मुलाने ते वेगळे लिहिले आहेत. म्हणून चिखलाला तीन आणि चिकणमातीला सलसाल. बांधाला 'सद्द' म्हटले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरण उभे राहते. खाजनाचा बांध माणसाच्या उंचीच्या आसपासचा मातीचा गडगा, त्याला 'हाजिझ तुराबी', म्हणजे मातीचा अडसर, जास्त बरोबर. 'पॅडी' साठी अरबीत वेगळा शब्द शोधत बसू नये. आपला 'भात' जसा शेतातलाही आणि ताटातलाही, तसा त्यांचा 'अरुझ्झ'. पीक म्हणायचे असेल तर आधी 'महसूल' जोडायचे. या 'महसूल' चा आपल्या महसूल खात्याशी अर्थाने काही संबंध नाही. अरबीत तो पिकाचा शब्द आहे आणि मराठीत तो सारा होऊन आला.

अडते ते 'खाजन' या शब्दावर, आणि इथे घाई महागात पडते. शब्दाचे लिप्यंतर सरळ केले तर दोन रूपे सुचतात, आणि दोन्ही अरबीत आधीपासून दुसऱ्या अर्थाने वापरात आहेत:

```
خزان   = टाकी, जलाशय
خازن   = कोठारी, खजिनदार
```

पहिले रूप तर भयंकरच, कारण विषय पाण्याचा आहे. 'अराझी अल-खझ्झान' वाचून शिक्षक असे समजेल की ही जलाशयाखालची जमीन. पुढची सगळी वाक्ये त्या चित्रात थोडी वाकडी का होईना बसतात, म्हणून चूक शेवटपर्यंत लपून राहते. उपाय सोपा आहे. दोन्ही स्वर दीर्घ लिहून `خازان` करायचे, ते « » या अवतरणचिन्हांत घालायचे आणि पहिल्याच वाक्यात 'स्थानिक नाव' असल्याचे सांगायचे. मानस तसेच ठेवायचे, पण त्याआधी 'बव्वाबत तसरीफ', म्हणजे निचऱ्याचे दार, हे स्पष्ट नाव द्यायचे आणि पुढे सगळीकडे फक्त 'बव्वाबा'. स्थानिक शब्द एकदाच येतो, मग तो ओझे होत नाही.

वाचणाऱ्याच्या ओळखीचा शब्द वापरावा असा मोह दोन ठिकाणी होतो. आखाती किनाऱ्यावर खारट सखल जमिनीला 'सबखा' म्हणतात. पण सबखा म्हणजे मीठ फुटलेली, काही न उगवणारी जमीन. मीठ बाहेर ठेवून पिकवलेल्या खाजनाच्या ती उलट टोकाला. ओमानमध्ये 'फलज' सर्वांना माहीत असतो, पण फलज हा उताराने पाणी आणणारा पाट आहे. मानस पाणी आणत नाही, ती आतले पाणी सोडते आणि बाहेरचे अडवते. ओळखीचा शब्द वापरून वाचणाऱ्याला चुकीच्या गावी पोचवण्यापेक्षा अनोळखी शब्द समजावून दिलेला बरा.

गावनावांचेही तसेच. गोव्यासाठी आजचे अरबी रूप `غوا` आहे. इब्न बतूताच्या प्रवासवर्णनात 'संदाबूर' हे नाव येते आणि ते गोव्याचे मानले जाते. त्याचे आकर्षण वाटते, पण शाळेच्या वहीत ते नको.

वाक्ये बांधताना

मराठीत 'बंद होते' आणि 'बंद करतात' यांत जो फरक आहे तो अरबीत क्रियापदाच्या साच्यात असतो. 'तुघ्लक' म्हणजे कोणीतरी बंद करतो. 'तनघलिक' म्हणजे स्वतःहून बंद होते. मानशीचे सगळे मर्म या एका साच्यात आहे: भरतीचे पाणी बाहेरून दाबते आणि दार मिटते, माणूस लागत नाही. `auto` हा चार अक्षरांचा शब्द गाळून 'तुघ्लक' लिहिले तर भरतीच्या वेळी रोज कोणी गडी दार लावायला जातो असा अर्थ होईल. म्हणून 'तनघलिक' आणि सोबत 'तिल्काइय्यन', म्हणजे आपोआप.

'ड्रेन होतं' साठी नवखे भाषांतरकार शब्दकोशात 'सर्रफ' पाहतात आणि 'ततसर्रफ' लिहितात. त्याचा अर्थ 'वागते'. पाणी वागते! कर्मणी रूप 'तुसर्रफ' बरोबर आहे, पण अरबी मजकुरात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे ते `تصرف` एवढेच दिसते आणि विद्यार्थी ते निराळेच वाचू शकतो. असा शब्द टाळून 'तख्रुज', म्हणजे बाहेर जाते, हे साधे क्रियापद घ्यावे. 'पॅडी सेफ' मधल्या 'सेफ' ला 'आमिन' म्हटले तर भात खायला सुरक्षित असे वाटेल. पीक वाचते, तेव्हा 'यस्लम'.

लिंगवचनाची एक सवय लावून घ्यावी लागते. 'अराझी' हे अनेकवचन आहे, पण माणसांचे नाही, म्हणून त्याचे क्रियापद आणि सर्वनाम स्त्रीलिंगी एकवचनी. मराठीतून येणारा माणूस 'त्या जमिनी' मनात धरून अनेकवचनी रूप लिहितो आणि प्रत्येक वाक्यात एकच चूक करत जातो. नद्या दोन आहेत, त्यांची मुखेही दोन, तिथे द्विवचन लागते.

सगळे जुळवल्यावर अरबी रूप असे होते:

```
أراضي «خازان» في غوا

«خازان» اسم محلي لأراضٍ منخفضة تقع قرب
مصبَّي نهري ماندوفي وزواري. ويحيط بها حاجز
ترابي من الطين والصلصال والقش، وتُزرع الأرض
في داخله.
وفي الحاجز بوابة تصريف تُسمى محليًا «مانَس».
عند المدّ تنغلق البوابة تلقائيًا، وعند الجزر تخرج
عبرها المياه الموجودة في الداخل. وبذلك لا تدخل
المياه المالحة، فيسلم محصول الأرز.
أما إذا انهار الحاجز فتتعذر الزراعة مدة 3 إلى 4
سنوات بسبب الملوحة.
```

वहीतल्या दोन उद्गारचिन्हांचे काय झाले? ती मुलाची 'हे परीक्षेत येणार' अशी खूण आहे. शिक्षकाला द्यायच्या मजकुरात ती जाते. तीच नोट दुसऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासाला द्यायची असेल तर शेवटच्या वाक्याआधी 'मुलाहझा मुहिम्मा' म्हणजे महत्त्वाची टीप असे लिहावे.

टंकताना आणि मांडताना

आपल्याकडच्या फोनवर अरबीऐवजी उर्दू कळफलक निवडला जातो. अक्षरे सारखी दिसतात, म्हणून फरक कळत नाही. पण उर्दूतली ये, काफ आणि हे यांची संगणकातली अक्षरे वेगळी असतात. छापून दिले तर बहुधा कोणाला कळणार नाही. फाइल म्हणून पाठवली तर शोध चालत नाही आणि शुद्धलेखन तपासणी निम्मे शब्द लाल करते. तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशनचा शोध चालू करून हे टाकावे, काही सापडले तर ते अक्षर अरबी कळफलकावरून पुन्हा टंकावे:

```
[یکہھےۃ]
```

परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे लावावी. वर्डमध्ये `Ctrl` आणि उजवीकडची `Shift` दाबली की ती लागते. केवळ उजवीकडे सरकवल्याने दिशा बदलत नाही, पूर्णविराम चुकीच्या टोकाला जातात त्यावरून ते ओळखू येते.

वहीतले बाण अरबीत ठेवू नयेत. दिशा बदलली की कंस आपोआप उलटतात, बाण उलटत नाहीत. 'भरती → दार बंद' ही ओळ अरबीत 'भरती' उजवीकडे आणि 'दार' डावीकडे घेऊन जाते, पण बाण उजवीकडेच टोक करून उभा राहतो. म्हणजे दार बंद झाल्याने भरती येते. शब्दांत लिहिले की प्रश्नच मिटतो, वर 'इंद' आणि 'बिझालिक' यांनी तेच काम केले आहे. आकड्यांचेही असेच. अरबी अक्षरांनंतर `3-4` टंकले तर पडद्यावर ते 4-3 असे उलटे दिसते, कारण मधली आडवी रेघ अरबी दिशेने वळते. म्हणून मध्ये 'इला', म्हणजे 'ते', हा शब्द. अंक 3 असे की ٣ असे, हे ज्या शाळेला द्यायचे तिच्या पुस्तकात पाहून ठरवावे, फक्त एका मजकुरात एकच पद्धत ठेवावी.

तपासणी

अरबी परत मराठीत करून पाहण्याची पद्धत इथे फारशी उपयोगी नाही. करणारा तोच असेल तर त्याला अर्थ आधीच माहीत असतो आणि तो अरबीत नसलेलेही वाचतो. त्यापेक्षा अरबी येणारी पण खाजन कधी न पाहिलेली व्यक्ती गाठावी. तिला मजकूर वाचायला द्यावा आणि एक चित्र काढायला सांगावे: नदी कुठे, बांध कुठे, दार कुठे, भरतीला पाणी कुठे अडते आणि ओहोटीला कुठल्या बाजूला जाते. नदीच्या जागी टाकी किंवा तलाव आला तर 'खाजन' चे लिप्यंतर फसले आहे. दाराशेजारी माणूस उभा केला असेल तर 'तनघलिक' च्या जागी दुसरे रूप राहून गेले आहे. बांध डोंगराएवढा काढला तर कुठेतरी 'सद्द' शिल्लक आहे. दोन दारे काढली तर जोडयादी पाळली गेलेली नाही, 'बव्वाबा' आणि 'मानस' या वेगळ्या वस्तू वाटल्या आहेत. मग 'तुसम्मा महल्लिय्यन', म्हणजे 'स्थानिक भाषेत म्हणतात', हे शब्द दाराच्या नावाला नीट चिकटले आहेत का ते त्या वाक्यात पाहावे.